कार्बनच्या सरळ साखळीचे बारसे

दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे दुसरे नाव २-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक आम्ल असे आहे. पहिले नाव दुधाच्या लॅटिन शब्दावरून पडले. पदार्थ कोठे सापडला एवढेच ते सांगते, त्याचा रेणू कसा आहे हे सांगत नाही. दुसरे नाव जिभेला जड वाटते, पण ते फोडून वाचले की त्यावरून रेणूचे चित्र काढता येते. ‘प्रोप’ म्हणजे तीन कार्बन, ‘एन’ म्हणजे कार्बनांमध्ये सगळे एकेरी बंध, ‘ऑइक आम्ल’ म्हणजे टोकाला COOH हा गट आणि ‘२-हायड्रॉक्सी’ म्हणजे दुसऱ्या कार्बनवर OH. एवढ्यावरून कागदावर CH₃-CH(OH)-COOH हे सूत्र उतरते, आणि दुसरे कोणतेही उतरत नाही. पद्धतशीर नामकरणाचा सगळा खटाटोप यासाठीच असतो: रचनेवरून नाव मिळावे आणि नावावरून तीच रचना परत मिळावी.

येथे विचार फक्त सरळ साखळीच्या संयुगांचा आहे. ‘सरळ’ या शब्दाने सुरुवातीलाच फसगत होऊ शकते. साखळी कागदावर सरळ रेषेत काढलेली असली पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही. साखळीतला कोणताही कार्बन दोनपेक्षा अधिक कार्बनांना जोडलेला नसेल आणि साखळीची दोन्ही टोके मोकळी असतील, तर ती सरळ साखळी. ती नागमोडी काढली, काटकोनात वळवली किंवा जागा पुरेना म्हणून खालच्या ओळीत उतरवली, तरी सरळच राहते. एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात, त्यामुळे कागदावरच्या वळणाला अर्थ नसतो. एका टोकाच्या कार्बनवर पेन्सिल ठेवून, ती न उचलता आणि मागे न फिरता, प्रत्येक कार्बनवरून एकदाच जात दुसरे टोक गाठता आले की साखळी सरळ आहे असे समजावे.

पहिली पायरी: कार्बन मोजणे

नावाचा कणा म्हणजे कार्बनांची संख्या. पहिल्या चार संख्यांसाठीचे शब्द जुन्या व्यवहारातून आलेले असल्याने ते पाठच करावे लागतात. ‘मिथ’ हा शब्द लाकडापासून मिळणाऱ्या मद्यार्काशी निगडित ग्रीक शब्दांवरून आला, ‘ब्युट’ लोण्यावरून. पाचपासून पुढे मात्र ग्रीक किंवा लॅटिन अंक सुरू होतात आणि मराठी वाचकाचे काम सोपे होते, कारण हे अंक आणि संस्कृत अंक एकाच भाषाकुळातले आहेत. पंच आणि पेंट, सप्त आणि हेप्ट, अष्ट आणि ऑक्ट, नव आणि नोन, दश आणि डेक या जोड्यांतले साम्य योगायोगाचे नाही.

| कार्बन | मूळ शब्द | अल्केन | सूत्र |
|---|---|---|---|
| १ | मिथ | मिथेन | CH₄ |
| २ | इथ | इथेन | C₂H₆ |
| ३ | प्रोप | प्रोपेन | C₃H₈ |
| ४ | ब्युट | ब्युटेन | C₄H₁₀ |
| ५ | पेंट | पेंटेन | C₅H₁₂ |
| ६ | हेक्झ | हेक्झेन | C₆H₁₄ |
| ७ | हेप्ट | हेप्टेन | C₇H₁₆ |
| ८ | ऑक्ट | ऑक्टेन | C₈H₁₈ |
| ९ | नोन | नोनेन | C₉H₂₀ |
| १० | डेक | डेकेन | C₁₀H₂₂ |

शेवटच्या रकान्यातला नियम पुढे पडताळणीसाठी लागणार आहे: अल्केनमध्ये हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुपटीपेक्षा दोनने जास्त असते.

मोजताना COOH, CHO आणि CO या गटांतला कार्बनही धरायचा. तो साखळीचाच भाग असतो. CH₃-COOH मध्ये कार्बन दोन आहेत, म्हणून व्हिनेगरमधले आम्ल इथेनॉइक ठरते, मिथेनॉइक नव्हे. मिथेनॉइक आम्ल म्हणजे HCOOH. मुंग्यांपासून प्रथम मिळालेले हेच ते फॉर्मिक आम्ल.

दुसरी पायरी: बंध पाहणे

कार्बन-कार्बन बंध सगळे एकेरी असतील तर मूळ शब्दाला ‘एन’ लागतो, एखादा दुहेरी असेल तर ‘ईन’, तिहेरी असेल तर ‘आइन’. इथेन, इथीन आणि इथाइन यांच्यात फरक फक्त स्वराचा आहे. आउगुस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये रोमन स्वरांच्या क्रमाने अशी नावे सुचवली होती. त्यांतले पहिले स्वर टिकले, बाकीचे मागे पडले. ऐकताना हा स्वर निसटतो आणि नाव बदलते, म्हणून लिहिताना मात्रा आणि वेलांटी नीट पाहावी लागते. ब्युटेन आणि ब्युटीन हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

दुहेरी बंध दोन कार्बनांमध्ये असतो, पण नावात त्यांपैकी लहान क्रमांक तेवढा लिहितात. CH₃-CH=CH-CH₃ मध्ये बंध दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनांमध्ये आहे, म्हणून नाव ब्युट-२-ईन. जुन्या पुस्तकांत हेच नाव २-ब्युटीन असे छापलेले आढळते. दोन्हींचा पदार्थ एकच. आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाच्या, म्हणजे आययूपीएसीच्या, १९९३ च्या शिफारशींनुसार क्रमांक ज्या तुकड्याचा असेल त्याच्या लगेच आधी लिहिला जाऊ लागला. नाव लांब होऊन त्यात दोन-तीन क्रमांक आले की या सवयीचा फायदा कळतो.

तिसरी पायरी: मुख्य गट ठरवणे

साखळीवर OH, COOH यांसारखे गट आले की नावाचा शेवट बदलतो. गट एकच असेल तर प्रश्न नाही, त्याचा प्रत्यय लावला की झाले. इथेन आणि OH मिळून इथेनॉल होते, साखर कारखान्यांच्या बातम्यांत येते तेच. दोन वेगवेगळे गट असतील तर शेवटचा मान एकालाच मिळतो. कोणाला, हे ठरवणारी ज्येष्ठतेची यादी ठरलेली आहे. सरळ साखळीच्या नेहमीच्या संयुगांपुरती ती अशी:

| गट | प्रकार | मुख्य असताना प्रत्यय | दुय्यम असताना उपसर्ग |
|---|---|---|---|
| COOH | कार्बोक्झिलिक आम्ल | ऑइक आम्ल | – |
| CHO | अल्डिहाइड | अल | ऑक्सो |
| CO | कीटोन | ओन | ऑक्सो |
| OH | अल्कोहोल | ऑल | हायड्रॉक्सी |
| NH₂ | अमाइन | अमाइन | अमिनो |
| F, Cl, Br, I | हॅलोजन | – | फ्लुओरो, क्लोरो, ब्रोमो, आयोडो |

वरचा गट खालच्यापेक्षा ज्येष्ठ. लॅक्टिक आम्लात COOH आणि OH दोन्ही आहेत. COOH ज्येष्ठ असल्याने ‘ऑइक आम्ल’ शेवटी गेले आणि OH नावाच्या पुढच्या भागात ‘हायड्रॉक्सी’ होऊन बसला. हॅलोजनला प्रत्ययाचा मान कधीच मिळत नाही. रेणूत त्याच्याशिवाय दुसरा गट नसला, तरी तो उपसर्गच राहतो.

तक्त्यात अल्डिहाइड आणि कीटोन या दोघांना दुय्यम स्थितीत ‘ऑक्सो’ हेच नाव आहे, आणि त्यात घोटाळा होत नाही. ऑक्सिजन टोकाच्या कार्बनवर दुहेरी बंधाने असेल तर तो अल्डिहाइड, मधल्या कार्बनवर असेल तर कीटोन. क्रमांकावरून ते कळतेच.

चौथी पायरी: क्रमांक कोठून सुरू करायचे

सर्वाधिक चुका या पायरीवर होतात. साखळीला दोन टोके असल्याने क्रमांक देण्याचे मार्गही दोनच असतात. त्यांतून एक निवडण्यासाठी काही प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे, आणि ज्या प्रश्नावर निकाल लागेल तेथेच थांबायचे. पहिला प्रश्न मुख्य गटाचा: कोणत्या बाजूने त्याला लहान क्रमांक मिळतो? मुख्य गट नसेल, किंवा दोन्हींकडून त्याचा क्रमांक सारखा येत असेल, तर दुसरा प्रश्न दुहेरी-तिहेरी बंधांचा. तेथेही बरोबरी झाली किंवा असे बंधच नसले, तर तिसरा प्रश्न उपसर्गांचा.

एक उदाहरण सविस्तर पाहू:

CH₂=CH-CH₂-CH(OH)-CH₃

कार्बन पाच, म्हणून ‘पेंट’. एक दुहेरी बंध आहे, म्हणून ‘ईन’. OH एकटाच गट आहे, म्हणून शेवट ‘ऑल’. आता क्रमांक. डावीकडून मोजले तर दुहेरी बंध १ वर आणि OH ४ वर येतो. उजवीकडून मोजले तर OH २ वर आणि दुहेरी बंध ४ वर. डावीकडची बेरीज पाच, उजवीकडची सहा. बेरीज लहान ती बाजू बरोबर, असा एक आडाखा अनेकांच्या डोक्यात असतो आणि तो येथे पेंट-१-ईन-४-ऑल या चुकीच्या नावाकडे नेतो. नियमात बेरीज कोठेही नाही. पहिला प्रश्न मुख्य गटाचा आहे: OH ला ४ पेक्षा २ लहान. निकाल लागला. दुहेरी बंधाला मोठा क्रमांक मिळाला, तरी त्याला विचारायची वेळच आली नाही. नाव झाले पेंट-४-ईन-२-ऑल.

आता पडताळणी. नाव झाकून ठेवलेल्या सूत्राकडे न पाहता, नुसत्या नावावरून रेणू काढायचा. पाच कार्बन ओळीने मांडले, दुसऱ्यावर OH लावला, चौथ्या-पाचव्यात दुहेरी बंध दिला आणि प्रत्येक कार्बनचे चार हात पुरे होतील एवढे हायड्रोजन भरले. CH₃-CH(OH)-CH₂-CH=CH₂ मिळाले, म्हणजे उलट बाजूने वाचलेले मूळचेच सूत्र.

हायड्रोजन मोजूनही खात्री करता येते. पाच कार्बनांच्या अल्केनमध्ये बारा हायड्रोजन. प्रत्येक दुहेरी बंधामागे दोन वजा होतात, मग तो दोन कार्बनांमधला असो की कार्बन-ऑक्सिजनमधला. OH मुळे संख्या बदलत नाही. प्रत्येक हॅलोजनमागे एक वजा, प्रत्येक NH₂ मागे एक अधिक. येथे बारातून दोन गेले, दहा राहिले, आणि मूळ सूत्रातही हायड्रोजन दहाच आहेत. या हिशोबाला मर्यादा आहे. कार्बन मोजण्यात किंवा बंध ओळखण्यात झालेली चूक तो पकडतो, क्रमांकाची चूक त्याला दिसत नाही. ती रेणू परत काढल्यावर किंवा प्रश्न पुन्हा क्रमाने विचारल्यावरच सापडते.

दुहेरी आणि तिहेरी बंध एकाच साखळीत असतील तर आधी दोघांचे क्रमांक एकत्र पाहतात. CH≡C-CH=CH-CH₃ मध्ये डावीकडून १ आणि ३ येतात, उजवीकडून २ आणि ४. पहिल्याच ठिकाणी १ लहान, म्हणून डावी बाजू, आणि नाव पेंट-३-ईन-१-आइन. तिहेरी बंधाला येथे लहान क्रमांक मिळाला. दोन्हींकडून तेच क्रमांक आले तरच दुहेरी बंधाला झुकते माप मिळते. CH₂=CH-CH₂-C≡CH मध्ये दोन्ही बाजूंनी १ आणि ४ येतात, म्हणून ते पेंट-१-ईन-४-आइन. लिहिताना मात्र ‘ईन’ नेहमी ‘आइन’च्या आधी.

उपसर्गांचा प्रश्नही याच रीतीने सुटतो. CH₂Cl-CH₂-CHBr-CH₃ मध्ये डावीकडून १ आणि ३, उजवीकडून २ आणि ४. डावी बाजू जिंकली: क्लोरीन १ वर, ब्रोमीन ३ वर.

पाचवी पायरी: तुकडे जोडणे

जोडणीचा क्रम ठरलेला आहे: उपसर्ग, मूळ शब्द, बंधाचा तुकडा, शेवटी मुख्य गटाचा प्रत्यय. दोन अंकांमध्ये स्वल्पविराम, अंक आणि अक्षर यांच्यामध्ये संयोगचिन्ह. तोच गट दोनदा असेल तर ‘डाय’, तीनदा असेल तर ‘ट्राय’. गट दोन असतील तर क्रमांकही दोन लिहायचे, दोघे एकाच कार्बनवर असले तरी. CHCl₂-CH₃ चे नाव १,१-डायक्लोरोइथेन.

वेगवेगळे उपसर्ग वर्णानुक्रमे लावतात, आणि मराठीत लिहिणाऱ्याला येथे एक खास अडचण येते. हा वर्णानुक्रम रोमन लिपीचा आहे. मराठीच्या वर्णमालेत ‘क’ आधी आणि ‘ब’ नंतर, म्हणून क्लोरो-ब्रोमो असा क्रम हाताला सहज येतो. रोमन लिपीत मात्र ब्रोमोचे आद्याक्षर B आणि क्लोरोचे C. वरच्या उदाहरणाचे नाव त्यामुळे ३-ब्रोमो-१-क्लोरोब्युटेन असे होते. नेहमीच्या उपसर्गांचा क्रम असा लक्षात ठेवता येतो: अमिनो, ब्रोमो, क्लोरो, फ्लुओरो, हायड्रॉक्सी, आयोडो, ऑक्सो. ‘डाय’ आणि ‘ट्राय’ या क्रमात धरत नाहीत. क्रमांक ठरवण्यात वर्णानुक्रमाचा वाटा अगदी शेवटी येतो, बाकी सगळीकडे बरोबरी झाली तरच. CH₃-CHBr-CHCl-CH₃ दोन्हींकडून २ आणि ३ देते. मग वर्णानुक्रमात पहिला असलेल्या ब्रोमोला २ मिळतो आणि नाव होते २-ब्रोमो-३-क्लोरोब्युटेन.

रोमन लिपीत लिहिताना आणखी एक बारकावा सांभाळावा लागतो. अल्केनच्या नावाच्या शेवटी एक मूक E असतो. पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो, व्यंजनाने होत असेल तर राहतो. प्रोपेन-१-ऑल लिहिताना E जातो, प्रोपेन-१,२-डायऑल लिहिताना राहतो. देवनागरीत हा फरक उमटतच नाही.

क्रमांक केव्हा लिहायचा नाही, हेही ठरलेले आहे. गटाला दुसरी जागाच शक्य नसेल तर क्रमांक गाळतात. COOH आणि CHO टोकालाच असू शकतात, म्हणून ते आपोआप १ असतात. प्रोपेनोनमध्ये CO मधल्या कार्बनशिवाय कोठे बसणार? नखांचे रंग पुसायचे असिटोन ते हेच. पाच कार्बनांच्या कीटोनला मात्र क्रमांक हवाच, कारण पेंटेन-२-ओन आणि पेंटेन-३-ओन हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

चिंचेतल्या आम्लाचे नाव

सगळ्या पायऱ्या एका ओळखीच्या पदार्थावर लावून पाहता येतात. चिंचेच्या आंबटपणाचे मुख्य कारण असलेल्या टार्टारिक आम्लाचे सूत्र असे आहे:

HOOC-CH(OH)-CH(OH)-COOH

दोन्ही टोकांचे कार्बन धरून संख्या चार, म्हणून ‘ब्युट’. कार्बन-कार्बन बंध सगळे एकेरी, म्हणून ‘एन’. मुख्य गट COOH, तोही दोनदा, म्हणून ‘डायोइक आम्ल’. क्रमांक कोणत्याही बाजूने द्या, COOH १ आणि ४ वरच येतात. दोन्ही टोके त्यांनीच अडवल्यामुळे ते क्रमांक लिहिण्याची गरज नाही. OH दोन्ही बाजूंनी २ आणि ३ वर, म्हणजे ‘२,३-डायहायड्रॉक्सी’. पूर्ण नाव २,३-डायहायड्रॉक्सीब्युटेनडायोइक आम्ल. हायड्रोजनचा हिशोब: ब्युटेनचे दहा, दोन COOH मधल्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधांमुळे चार वजा, उरले सहा. सूत्रातही सहा आहेत.

अशी लांबलचक नावे का सोसायची, याचे उत्तर शेळीच्या तीन आम्लांत सापडते. कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तिन्ही नावे शेळीच्या लॅटिन शब्दावरून आली आहेत, आणि कोणात किती कार्बन आहेत हे नावावरून अजिबात कळत नाही. हेक्झेनॉइक, ऑक्टेनॉइक आणि डेकेनॉइक म्हटले की सहा, आठ आणि दहा हे लगेच दिसते. खोबरेल तेलात जिचा वाटा जवळपास निम्मा असतो ते लॉरिक आम्ल डोडेकेनॉइक आहे. ‘डोडेक’ म्हणजे द्वादश, बारा कार्बन. १८९२ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेने या गोंधळातून मार्ग काढणारे पहिले आंतरराष्ट्रीय नियम केले. १९१९ मध्ये स्थापन झालेली आययूपीएसी तेच काम पुढे चालवते. जुनी नावे त्यामुळे संपली नाहीत. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशींतही असेटिक आम्ल हे नाव मान्य आहे, त्यामुळे ते लिहिणारा चुकत नाही.

सरावासाठी

पहिल्या सहा प्रश्नांत एकच वैशिष्ट्य आहे, पुढच्या सहांत ज्येष्ठता आणि क्रमांक यांची परीक्षा होते. उत्तरे झाकून, प्रत्येक नावावरून रेणू परत काढून पाहावा.

| क्र. | सूत्र |
|---|---|
| १ | CH₃-CH₂-CH₂-CH=CH-CH₃ |
| २ | CH₃-CH₂-CH(OH)-CH₂-CH₃ |
| ३ | CH₃-(CH₂)₆-COOH |
| ४ | CH₃-CO-CH₂-CH₂-CH₃ |
| ५ | CH₃-CH₂-CH₂-CHO |
| ६ | CH₃-C≡C-CH₃ |
| ७ | CH₃-CH=CH-COOH |
| ८ | CH₃-CH(OH)-CH₂-CHO |
| ९ | CH₃-CO-CH₂-CH₂-COOH |
| १० | NH₂-CH₂-CH₂-CH₂-COOH |
| ११ | CH₃-CHCl-CH₂-CH₂I |
| १२ | CH₂OH-CHOH-CH₂OH |

| क्र. | नाव | लक्ष कोठे द्यायचे |
|---|---|---|
| १ | हेक्झ-२-ईन | उजवीकडून मोजणे |
| २ | पेंटेन-३-ऑल | दोन्ही बाजू सारख्याच |
| ३ | ऑक्टेनॉइक आम्ल | कंसातले सहा आणि टोकांचे दोन कार्बन |
| ४ | पेंटेन-२-ओन | क्रमांक आवश्यक |
| ५ | ब्युटेनल | क्रमांक नको |
| ६ | ब्युट-२-आइन | बंधाचा लहान क्रमांक |
| ७ | ब्युट-२-ईनॉइक आम्ल | COOH चा कार्बन १ |
| ८ | ३-हायड्रॉक्सीब्युटेनल | CHO हा OH पेक्षा ज्येष्ठ |
| ९ | ४-ऑक्सोपेंटेनॉइक आम्ल | कीटोन दुय्यम झाला |
| १० | ४-अमिनोब्युटेनॉइक आम्ल | मोजणी COOH कडून |
| ११ | ३-क्लोरो-१-आयोडोब्युटेन | १, ३ हे २, ४ पेक्षा लहान |
| १२ | प्रोपेन-१,२,३-ट्रायऑल | ग्लिसरीन |

उलट सरावही तितकाच उपयोगी. पेंट-१-ईन-३-ओन या नावावरून CH₂=CH-CO-CH₂-CH₃ मिळाले पाहिजे, आणि हेक्झेन-२,४-डायओनवरून CH₃-CO-CH₂-CO-CH₂-CH₃.

नेहमीच्या चुका

- वळणाला शाखा समजणे. ही चूक नावातच उघडी पडते. ‘१-मिथिलब्युटेन’ असे नाव आले, तर पहिल्या कार्बनला जोडलेला तो मिथिल गट ही शाखा नसून साखळीचेच टोक आहे. पदार्थ साधा पेंटेन. ‘४-इथिलब्युटेन’ म्हणजे त्याच न्यायाने हेक्झेन.
- गटातला कार्बन मोजायचा विसरणे. CH₃-CH₂-COOH ला इथेनॉइक आम्ल म्हटले की एक कार्बन हरवला. हायड्रोजनचा हिशोब ही चूक लगेच दाखवतो.
- डावीकडून वाचायच्या सवयीने क्रमांकही डावीकडून देणे. ‘ब्युट-३-ईन’ असे कोणतेही योग्य नाव नाही, उलट बाजूने तेच ब्युट-१-ईन आहे. पेंटेन-४-ऑल हेही खरे पेंटेन-२-ऑल. नावातला क्रमांक साखळीच्या मध्यापलीकडचा असेल आणि रेणूत दुसरे काहीच नसेल, तर बाजू चुकली असे समजावे.
- क्रमांकांची बेरीज करणे. पेंट-४-ईन-२-ऑलमध्ये ही चूक कशी होते ते वर आलेच आहे. मुख्य गट नसतानाही बेरीज उपयोगाची नाही. दोन बाजूंचे क्रमांक चढत्या क्रमाने शेजारी मांडून पहिला फरक कोठे पडतो तेवढे पाहायचे.
- ‘प्रोपेन-१-ओन’सारखी अशक्य नावे. CO टोकाला गेला की तो कीटोन राहत नाही, अल्डिहाइड होतो. नाव प्रोपेनल.
- मुख्य गट दोन ठरवणे. एका नावात ‘ऑल’ आणि ‘ऑइक आम्ल’ दोन्ही प्रत्यय येत नाहीत, धाकट्याने उपसर्ग व्हायचे असते.
- देवनागरी वर्णक्रमाने उपसर्ग लावणे, आणि ‘डायक्लोरो’ला ‘ड’ मध्ये शोधणे.
- ‘डाय’ लिहून क्रमांक एकच देणे. ‘२-डायक्लोरोब्युटेन’ या नावातला दुसरा क्लोरीन कोठे आहे हे सांगता येत नाही.

या पाच पायऱ्यांनी मिळालेले नाव कोणता अणू कोणाला जोडलेला आहे एवढेच सांगते, अवकाशातली मांडणी सांगत नाही. एकेरी बंधाभोवती अणू फिरतात, पण दुहेरी बंधाभोवती सहज फिरत नाहीत, म्हणून त्याच्या दोन बाजूंचे गट एकाच अंगाला आहेत की विरुद्ध अंगांना, याने पदार्थच बदलतो. मॅलेइक आणि फ्युमॅरिक ही दोन्ही आम्ले वरच्या नियमांनी ब्युट-२-ईनडायोइक आम्लच ठरतात. प्रत्यक्षात पहिले सुमारे १३५ अंश सेल्सिअसला वितळते, तर दुसरे २८० च्याही वर तग धरते. असा फरक दाखवायचा असेल तेव्हा नावाच्या आधी कंसात Z किंवा E हे अक्षर लिहितात: गट एकाच अंगाला असलेल्या मॅलेइक आम्लाला Z, विरुद्ध अंगांना असलेल्या फ्युमॅरिक आम्लाला E. बाकीचे नाव जसेच्या तसे राहते.